पाव अंशात सतरा किलोमीटर

पॅरिसजवळच्या स्युरेन गावातल्या एका घरातून इप्पोलित फिझो यांनी १८४९ साली प्रकाशाचा झोत सोडला. समोर ८,६३३ मीटरवर, माँमार्त्रच्या टेकडीवर, तो परत पाठवणारा आरसा होता. जाऊन-येऊन अंतर १७,२६६ मीटर. एवढी मजल प्रकाश किती वेळात मारतो, हे सांगणारे घड्याळ तेव्हा नव्हते. ते काम फिझो यांनी एका दातेरी चाकाकडून करून घेतले.

चाकाला ७२० दाते होते आणि दोन दात्यांमधली खाच दात्याएवढीच रुंद होती. म्हणजे परिघाचे १,४४० सारखे भाग, प्रत्येक फक्त पाव अंशाचा. झोत खाचेतून बाहेर पडे आणि आरशावरून उलटून पुन्हा चाकाच्या त्याच कडेवर येई. चाक स्थिर असताना फिझो यांना खाचेतून चांदणीसारखा ठिपका दिसे. चाक फिरू लागले की परतणाऱ्या उजेडाचा काही भाग पुढे सरकलेल्या दात्यावर अडे. सेकंदाला हजारो तुकडे होऊनही डोळ्याला ठिपका सलगच दिसे, फक्त वेग वाढेल तसा मंद होत जाई. अखेर तो विझला. प्रकाश जाऊन येईपर्यंत चाक बरोबर पाव अंश फिरले होते आणि खाचेच्या जागी दाता आला होता. हेच पहिले ग्रहण.

त्या वेळी चाकाचे सेकंदाला १२.६ फेरे होत होते. १२.६ गुणिले १,४४० म्हणजे १८,१४४. याचा अर्थ, पाव अंश सरकायला सेकंदाचा अठरा हजारावा हिस्सा लागला. तेवढ्यात प्रकाश १७,२६६ मीटर गेला. गुणाकार केला की वेग निघतो सेकंदाला सुमारे ३,१३,००० किलोमीटर. चाकाला एकच दाता आणि एकच खाच असती, तर याच ग्रहणासाठी सेकंदाला ९,०७२ फेरे लागले असते! वेग २५.२ फेऱ्यांवर नेला की दात्यानंतरची खाच समोर येते आणि ठिपका पुन्हा उजळतो. अंधार चाकाच्या वेगामुळेच झाला, याची ही खूण.

आजच्या २,९९,७९२ किलोमीटरच्या हिशेबाने पहिले ग्रहण १२.०६ फेऱ्यांना व्हायला हवे होते. चूक जेमतेम अर्ध्या फेऱ्याची, पण वेगात ती तेरा हजार किलोमीटरांहून जास्त भरते. अडचण डोळ्याची होती: ग्रहणाच्या आसपास ठिपका इतका फिका असतो की नेमका कधी विझला ते ठरवता येत नाही. पंचवीसेक वर्षांनी आल्फ्रेड कॉर्न्यू यांनी अंतर सुमारे २३ किलोमीटर केले आणि पहिल्या ग्रहणावर न थांबता चाक आणखी जोरात फिरवून पुढची ग्रहणे मोजली. दहाव्या ग्रहणाला चाक पहिल्याच्या एकोणीसपट वेगाने फिरते, त्यामुळे डोळ्याची तीच अर्ध्या फेऱ्याची चूक उत्तरात एकोणिसाव्या हिश्श्यावर येते.