चंदीगडचे दहा रस्ते

चंदीगडचे बहुतेक सेक्टर साधारण ८०० मीटर रुंद, १२०० मीटर लांब. तीन सेक्टर आडवे, दोन उभे जायचे, तर उलट न फिरता कसेही वळा, अंतर ४.८ किलोमीटरच. असे रस्ते किती? प्रत्येक चौकात डावीकडच्या आणि खालच्या चौकातले आकडे मिळवून लिहा. कडेच्या चौकांत १. शेवटी ६ आणि ४ मिळून १०.

मोबाइलमधल्या नकाशाच्या फोटोवर छापील ‘१ सेंमी = ५०० मीटर’ निरुपयोगी, कारण फोटो लहानमोठा होतो. सोबतची प्रमाणपट्टीच मोजा. फोटो तिरका असेल तर दूरचे सेक्टर आखूड दिसतात. मग तीही फसवते. शिवाय पट्टीने सरळ मोजलेले ३.४ किलोमीटर कावळ्याचे, तुमचे नव्हे!