रात्रीचा दम : घड्याळ पाहा, वही ठेवा



दिवाळीच्या सुमारास आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात भाताची झोडणी चालू होते आणि त्याच दिवसांत एक तक्रार बऱ्याच घरांतून ऐकू येते. "दिवसा काम निभावतं, पण रात्री आडवं झालं की छाती वाजू लागते. उठून बसावं लागतं." घरातले एक जण म्हणते हा दमा, दुसरे म्हणते धुळीचे वावडे, तिसरे म्हणते पित्त वर येते आहे. पुष्कळदा तिघांचेही थोडे थोडे बरोबर असते. कोणत्या रात्री कशाचा वाटा किती, हे ओळखायला लागतात दोनच वस्तू : एक घड्याळ आणि एक वही.

दम लागतो म्हणजे छातीत काय होते?

श्वासनलिकेला झाडाच्या फांद्यांसारखे फाटे असतात. दमेकऱ्याच्या या नळ्यांचे अस्तर कायम थोडे सुजलेले आणि हुळहुळे असते. धूळ, धूर, थंड हवा किंवा सर्दी यांचे निमित्त झाले की नळीभोवतीचे स्नायू आवळतात, आत चिकट कफ साचतो आणि वाट अरुंद होते. त्या अरुंद वाटेतून हवा बाहेर पडताना शिटीसारखा आवाज येतो. आवाज थांबला तरी सूज लगेच जात नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

पहाटे ३ ते ५ च्या दरम्यान प्रत्येक माणसाच्या नळ्या दिवसापेक्षा थोड्या अरुंद होतात. निरोग्याला ते कळतही नाही. दमेकऱ्याला मात्र त्याच वेळी जाग येते. म्हणून धुळीचे काम नसताना आणि जेवण लवकर झालेले असतानाही पहाटे छाती वाजत असेल, तर ती मूळच्या दम्याची खूण समजावी.

धूळ दोनदा गाठते

वावडे असलेल्या माणसाला धूळ लागली की पहिली खेप १५ ते ३० मिनिटांत येते. शिंका, नाकातून पाणी, डोळ्यांना खाज, थोडी धाप. ही खेप ओसरली की माणूस म्हणतो, "गेलं एकदाचं." पण साधारण चार ते आठ तासांनी दुसरी खेप येऊ शकते आणि ती जास्त रेंगाळते. संध्याकाळी ५ वाजता झोडणी आटोपली, तर ही खेप रात्री ९ ते १ च्या दरम्यान गाठते. तोवर धुळीचा विसर पडलेला असतो आणि दोष रात्रीच्या जेवणाला जातो.

आपल्याकडची झोडणीची धूळ नुसती मातीची नसते. भात कापायला येते तेव्हा परतीचा पाऊस अजून रेंगाळत असतो. ओलसर भारे तसेच उडवीत रचले की आत ऊब धरते आणि बुरशी येते. भारा आपटला की बुरशीची अगदी बारीक पूड हवेत उडते. म्हणून भारे चांगले वाळवून मगच रचणे हे जसे दाण्याच्या हिताचे, तसेच छातीच्याही हिताचे आहे.

दुसरी धूळ अंथरुणात असते. गादी, उशी, गोधडी यांत डोळ्यांना न दिसणारे धुळीतले किडे राहतात. हवेतल्या ओलाव्यावर ते जगतात आणि कोकणच्या दमट हवेत त्यांना काही कमी पडत नाही. वावडे असते ते मुख्यतः त्यांच्या विष्ठेचे. गोधडी उन्हात टाकली की किडे मरतात, पण विष्ठा आतच राहते. म्हणून ऊन दिल्यावर गोधडी घरापासून दूर झटकावी, आणि झटकणारा माणूस दमेकरी नसावा. चादरी आणि उशीचे अभ्रे आठवड्यातून एकदा कढत पाण्यात धुवावेत.

पोटातले आंबट छातीत कसे त्रास देते?

अन्ननलिका आणि जठर यांच्या सांध्यावर एक झडप असते. ती सैल असली आणि भरल्या पोटी माणूस आडवा झाला, की आंबट पाणी वर येते. ते दोन वाटांनी दम लावते. अन्ननलिका आणि श्वासनळ्या यांना जोडणारी एकच नस आहे. अन्ननलिकेला आंबटाचा चटका बसला की त्या नसेमार्फत श्वासनळ्याही आवळतात. दुसरी वाट सरळ आहे : थेंबभर आंबट पाणी घशात येऊन श्वासनलिकेत उतरते आणि खोकल्याची उबळ येते.

हे चाक उलटेही फिरते. दम्याच्या खोकल्याने पोटावर दाब येऊन आंबट वर ढकलले जाते. थिओफायलीन नावाचे औषध असलेल्या दम्याच्या गोळ्या ही झडप सैल करतात. तंबाखू आणि मिश्रीनेही तेच होते.

याची खूण अशी : जेवून आडवे झाल्यावर तासा-दोन तासांत जाग येते, तोंडात आंबट-कडू चव असते, छातीच्या मधोमध जळजळ असते, आधी खोकला येतो आणि मग छाती वाजते.

एक उदाहरण

समजण्यासाठी लांजा तालुक्यातल्या ४२ वर्षांच्या एका बाईचे उदाहरण धरू. त्यांनी आठवडाभर वहीत चार गोष्टी लिहिल्या : दिवसभरात धूळ-धूर किती, जेवण किती वाजता, जाग किती वाजता, आणि जाग आली तेव्हा आधी काय जाणवले.

रविवारी संध्याकाळपर्यंत झोडणी. तिथेच शिंका आल्या. रात्री ८ ला जेवण, ११ ला छाती वाजू लागली. आंबट चव नव्हती.

सोमवारी धूळ नाही. पाहुणे आल्यामुळे १० वाजता तिखट कालवण-भात, साडेदहाला अंथरुणात. १२ ला खोकत जाग आली, तोंड आंबट होते, नंतर घरघर.

मंगळवार आणि बुधवारी धूळ नाही, ७ ला जेवण. तरी पहाटे ४ ला जाग आणि शिटीसारखा आवाज.

आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी वही पाहिली आणि फुंकर मोजायचे छोटे यंत्र दिले. तीनदा जोराने फुंकायचे आणि सर्वांत मोठा आकडा लिहायचा, सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. बाईंचा आकडा संध्याकाळी ३८० आणि सकाळी २९० येई. फरक ९०. दोन्हींची सरासरी ३३५, म्हणजे फरक सुमारे २७ टक्के झाला. मोठ्या माणसांत दोन आठवडे असा रोजचा फरक सरासरी १० टक्क्यांहून जास्त राहिला, तर दम्याच्या निदानाला बळकटी येते.

आता विचार करा. सोमवारची रात्र तेवढी पाहून पित्ताची गोळी दिली असती, तर मंगळवारची पहाट तशीच राहिली असती. नुसता पंप दिला असता, तर उशिरा जेवलेल्या रात्री खोकला आलाच असता. म्हणून त्यांना सूज उतरवणारा पंप रोज सकाळ-संध्याकाळ, लवकर जेवण आणि धुळीचा बंदोबस्त असे तिन्ही सांगितले. अशा उपायाने पहाटेची जाग साधारणपणे काही आठवड्यांत कमी होते. झोडणीच्या दिवशी शिंका येतात, पण त्या रात्री बसून काढाव्या लागत नाहीत.

पित्ताच्या गोळीने दमा जातो का?

२००९ साली अमेरिकेत दमेकऱ्यांवर एक मोठी चाचणी झाली. ज्यांना जळजळ नव्हती, किंवा अगदीच किरकोळ होती, अशा दमेकऱ्यांना आम्ल कमी करणारी जोरदार गोळी देऊन पाहिली. त्यांचा दमा सुधारला नाही. यातून घेण्यासारखे एवढेच की, आंबट चव आणि जळजळ असेल तरच ही गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने ठराविक मुदतीपुरती घ्यावी. दम्याचा पंप मात्र तिच्या भरवशावर सोडू नये.

पंपाची सवय लागते का?

नाही. पंपाच्या एका दाबात साधारण १०० ते २०० मायक्रोग्रॅम स्टेरॉइड असते आणि ते थेट नळ्यांत जाते. स्टेरॉइडच्या ५ मिलिग्रॅमच्या एका गोळीत ५००० मायक्रोग्रॅम असते आणि ते साऱ्या अंगात फिरते. दुकानातून "दम्याची गोळी" म्हणून न विचारता आणलेल्या पुडीत हेच असू शकते. पंप घेतल्यावर चूळ भरून पाणी थुंकावे, म्हणजे तोंड येत नाही. नुसता आराम देणारा पंप पुन्हा पुन्हा ओढत राहिल्याने सूज जात नाही. म्हणूनच २०१९ पासून जागतिक सल्ल्यात मोठ्या माणसांनी केवळ त्यावर राहू नये असे सांगितले आहे.

घरी करायच्या गोष्टी

१. रात्रीचे जेवण झोपण्याच्या तीन तास आधी उरकावे. भात राखायला जायचे असले तरी आधी जेवून घ्यावे.

२. खाटेच्या उशाकडील पायांखाली ६ ते ८ इंच उंचीचे ठोकळे द्यावेत. जमिनीवर झोपणाऱ्यांनी कमरेपासून डोक्यापर्यंत उतरती होईल अशा घड्या अंथरुणाखाली घालाव्यात. नुसत्या दोन उशा घेतल्या की पोट दुमडते आणि त्रास वाढतो. डाव्या कुशीवर झोपणे बरे.

३. झोडणी-वारवणीच्या वेळी धूळ आपल्यापासून दूर जाईल अशा बाजूला उभे राहावे. साध्या फडक्यातून बारीक बुरशी आत जाते. दुकानात मिळणारा एन-९५ मास्क नाकाला घट्ट बसवावा.

४. काम संपल्यावर डोक्यावरून आंघोळ करून कपडे बदलावेत, मगच झोपायच्या खोलीत जावे. भात आणि पेंढा त्या खोलीच्या माळ्यावर ठेवू नये.

५. उन्हाळ्यात भाजावळ असेल त्या दिवशी दमेकऱ्याने धुरापासून लांब राहावे.

केव्हा थांबू नये?

एक वाक्य पुरे बोलता येत नाही, ओठ निळसर दिसतात, किंवा छातीचा आवाज बंद होऊनही धाप वाढते आहे, तर ती आणीबाणी आहे. आवाज बंद होणे म्हणजे हवाच आत-बाहेर होत नाही असे असू शकते. रोग्याला बसते ठेवावे. साल्ब्युटामॉलचा पंप स्पेसरच्या नळकांड्यातून एकेक करून चार वेळा द्यावा, दर दाबाला चार श्वास. १०८ वर ताबडतोब फोन करावा. चार मिनिटांत उतार न पडल्यास गाडी येईपर्यंत तसेच पुन्हा द्यावे.

पायांवर सूज असून आडवे झाल्यावर घुसमटत असेल, तर दोष हृदयाचा असू शकतो. खोकला दोन आठवड्यांहून जास्त असेल, तर थुंकी तपासून घ्यावी. भाताच्या कामानंतर संध्याकाळी ताप, अंगदुखी आणि धाप एकदमच येत असतील, तर तो बुरशीचा वेगळा आजार असू शकतो. या तिन्ही गोष्टी डॉक्टरांना मुद्दाम सांगाव्यात.

प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा जिल्हा रुग्णालयात जाताना दोन आठवड्यांची वही आणि घेत असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या सोबत न्याव्यात.