रानडे सापडतात, रानड्यांनी निसटतात

२०१७च्या सप्टेंबरमध्ये नॉर्वेच्या एनआरके या प्रसारण संस्थेने एक बातमी दिली. स्टॅटॉइल या तिथल्या मोठ्या तेल कंपनीला (आता तिचं नाव इक्विनॉर) असं आढळलं होतं की Translate.com या फुकट भाषांतराच्या साइटवर लोकांनी टाकलेला मजकूर गूगलवर शोधला की सापडतो. त्यात नोकरीवरून काढल्याची पत्रं होती, कर्मचारी कपातीचे आराखडे होते, करार होते, पासवर्डसुद्धा होते. ओस्लोच्या शेअर बाजाराने तर आपल्या कर्मचाऱ्यांसाठी अशा साइट बंदच करून टाकल्या. यात कुणी कुलूप फोडलं नव्हतं. लोकांनी आपल्या हाताने मजकूर त्या चौकटीत टाकला, साइटने तो जपून ठेवला आणि त्यातला काही उघड्यावर राहिला.

मी कोर्टकचेरीच्या कागदांची मराठी-इंग्रजी भाषांतरं करतो. माझ्याकडे तेल कंपन्यांचे करार येत नाहीत. येतात ती वाटणीपत्रं, मृत्युपत्रं, घटस्फोटाचे दावे, सासरच्यांनी केलेल्या छळाचे जबाब, नाहीतर परदेशात उपचार घ्यायला निघालेल्या एखाद्याचे दवाखान्याचे कागद. वकिलाने अशिलाचं गुपित फोडू नये, ही बंदी भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १३२ने घातली आहे आणि ती वकिलाच्या कारकुनांना आणि दुभाष्यांनाही लागू आहे. पण दुपारी चारला ‘उद्या तारीख आहे, सकाळपर्यंत पाहिजे’ असा फोन आला की कलम कुणाला आठवतं? समोर फुकटची चौकट असते.

काही ब्राउझरमध्ये त्या साइटच्या पत्त्याशेजारी कुलपाचं चित्र दिसतं म्हणून लोक निर्धास्त होतात. ते कुलूप फक्त वाटेपुरतं असतं. तुमच्या संगणकापासून साइटच्या संगणकापर्यंत मजकूर कुणी मधे वाचत नाही, एवढीच त्याची हमी. पोचल्यावर तो किती दिवस राहतो आणि कशासाठी वापरला जातो, हे साइटच्या अटींवर ठरतं. डीपएल ही सेवा हा फरक उघडपणे सांगते: फुकट वापरलंत तर मजकूर काही काळ ठेवून यंत्र सुधारायला वापरला जाऊ शकतो, पैसे भरून घेतलेल्या सेवेत भाषांतर झालं की तो पुसला जातो. गूगलची पैसे देऊन घ्यायची क्लाउड सेवाही ग्राहकाचा मजकूर यंत्र शिकवायला वापरत नाही असं सांगते. अटी बदलतात, म्हणून वर्षातून एकदा त्या पुन्हा वाचायचा कंटाळा मी करत नाही.

आपल्याकडे मात्र गळती बऱ्याचदा भाषांतराच्या आधीच सुरू होते आणि तिच्याकडे कुणाचं लक्ष नसतं. वकिलांकडचे कितीतरी मराठी कागद अजून जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टाइप केलेले असतात. फाँट बदलला की पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची गिचमीड उरते. भाषांतराचं यंत्र ती वाचू शकत नाही. मग मुलगा नेटवर ‘फाँट कन्व्हर्टर’ शोधतो आणि पहिल्या दिसेल त्या साइटवर अख्खा दावा ओततो. साइट कुणाची आहे, हे कुणी विचारत नाही. स्कॅन केलेल्या पीडीएफचं वर्डमध्ये रूपांतर करून देणाऱ्या साइटचंही तेच. म्हणजे अशिलाचा कागद तीन अनोळखी दारांतून फिरून माझ्यापर्यंत येतो आणि काळजी सगळी माझ्याकडूनच अपेक्षित. ज्या सॉफ्टवेअरवर टायपिंग झालं, त्यातच युनिकोडमध्ये रूपांतराची सोय आहे का, हे आधी बघावं. नसेल तर दोन-चार पानं सरळ पुन्हा टाइप करून घ्यावीत.

आता खरी मेख. यंत्राची मदत घ्यायचीच असेल तर नावं काढून मजकूर द्यावा, असा सल्ला सगळे देतात. इंग्रजीत तो सोपा आहे. मराठीत नाव बसल्या जागी बसत नाही. समजा, वाटणीपत्रात रानडे आणि पाटील असे दोन पक्षकार आहेत आणि जमीन पुण्याजवळ आहे. तुम्ही वर्डमध्ये ‘रानडे’ शोधून सगळीकडे ‘जोशी’ केलंत. ‘रानडे यांनी’ बदललं, पण ‘रानड्यांनी सही केली’ तसंच राहिलं. ‘पाटील’ गेले, ‘पाटलांचा हिस्सा’ राहिला. ‘पुणे’ गेलं, ‘पुण्याच्या दुय्यम निबंधकांकडे’ राहिलं. विभक्ती लागली की शब्दाचा चेहरा बदलतो आणि शोध त्याला ओळखत नाही. सगळी नावं झाकल्याचं समाधान मात्र मिळतं.

म्हणून मी नावाचा न बदलणारा आरंभ शोधतो: ‘रान’, ‘पाट’, ‘पुण’. एकेक जागा डोळ्यांनी बघतो आणि हाताने बदलतो. ‘सगळं बदला’चं बटण दाबत नाही. एकदा साठे नावाचे पक्षकार होते. ‘साठ’ शोधल्यावर कागदातला प्रत्येक ‘साठी’ समोर आला आणि दुपार गेली. नावाऐवजी ‘अ’ आणि ‘ब’ घालण्यापेक्षा, त्या कागदात कुठेच न येणारं त्याच लिंगाचं दुसरं नाव घालणं बरं पडतं. इंग्रजीतून मराठी करताना नुसत्या अक्षरावरून बाई की पुरुष हे यंत्राला कळत नाही. ते बहुधा पुरुष धरतं आणि ‘गेली’चं ‘गेला’ होतं. गट नंबर, आधार, खाते क्रमांक, रकमा यांच्या जागी खुणा ठेवतो. आकडे शेवटी मूळ कागद समोर ठेवून हातानेच भरतो, कारण यंत्र तिथेही चुकतं. कुठल्या नावाऐवजी कुठलं नाव घातलं, ती यादी वहीत लिहितो, संगणकात नाही.

तरीही एक गोष्ट झाकता येत नाही. ‘गावच्या माजी सरपंच आणि त्यांचे अपघातात वारलेले थोरले चिरंजीव’ एवढं वाचून तालुक्यातला कुणीही गाव ओळखेल, नाव असो वा नसो. असा मजकूर मी यंत्राला देतच नाही, ते उतारे स्वतः करतो.

फाइलही कधी जशीच्या तशी चढवत नाही. तिच्या पोटात टाइप करणाऱ्याचं नाव, शेरे, खोडलेल्या ओळी लपलेल्या असतात. मजकूर नोटपॅडमध्ये चिकटवून मगच पुढे नेतो. नाव काळ्या पट्टीने झाकणं तर निव्वळ फसवणूक. २०१९मध्ये अमेरिकेत पॉल मॅनफर्टच्या वकिलांनी कोर्टात दिलेल्या कागदातल्या काळ्या पट्ट्यांखालचा मजकूर पत्रकारांनी कॉपी करून दुसरीकडे चिकटवला आणि वाचून काढला.

मजकूर बाहेर जाऊच नये असं असेल तर दोन वाटा मला माहीत आहेत. गूगल ट्रान्सलेटच्या मोबाइल ॲपमध्ये मराठी आणि इंग्रजी उतरवून घ्यायची, विमान मोड लावायचा आणि मग भाषांतर करायचं. दर्जा कमी असतो, लांब वाक्यं तुटतात, पण कच्चा अंदाज येतो. काम झाल्यावर ॲपमधला इतिहास पुसून मगच नेट चालू करायचं. दुसरी वाट आयआयटी मद्रासच्या एआयफॉरभारतने केलेल्या इंडिकट्रान्स२ची. ते स्वतःच्या संगणकावर चालवता येतं, मराठीही येते, फक्त बसवून द्यायला संगणकातलं कळणारा माणूस लागतो. मी भाच्याला बसवायला सांगितलं, तेव्हा त्याचा अख्खा रविवार गेला.

परवाच एका दाव्याचं काम संपवून पाठवण्याआधी शेवटची नजर टाकत होतो. सगळी नावं झाकली होती, चारदा तपासलं होतं. पानाच्या तळाशी, बारीक अक्षरात, टाइप करणाऱ्या बाईंनी स्वतःच्या सोयीसाठी लिहिलं होतं: ‘रानड्यांची केस, घाई’.