बेकरीच्या मालकाला पत्र लिहिताना

वसईतली एखादी जुनी बेकरी डोळ्यांसमोर आणा. पहाटे पाव निघतो, दिवसभर खारी-बटर विकलं जातं आणि डिसेंबर लागला की प्लमकेकच्या ऑर्डरी सुरू होतात. मालक फोनवर फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसला टाकतात, पण ट्यूबलाइटखाली केक काळपट दिसतो. अशा मालकाला गावातली एखादी डिझायनर मुलगी पत्र लिहिते: दर महिन्याला एआयच्या मदतीने तुमच्यासाठी चित्रं करून देईन. तिने पत्रात काय लिहावं?

बहुतेक पत्रं इथे ‘आकर्षक पोस्ट’, ‘ब्रँडिंग’ अशा शब्दांनी भरतात. मालकाला मात्र एकच गोष्ट जाणून घ्यायची असते: चित्रातला केक माझाच असेल ना? म्हणून नमस्कारानंतरचं पहिलं वाक्य हे असावं: ‘पदार्थ तुमचाच, फोटोही खराच; भोवतालची सजावट तेवढी मी एआयने तयार करेन.’

याला सबळ कारण आहे. चित्र बनवणाऱ्या या साधनांना नुसतं ‘मावा केक’ सांगितलं, तर ती बरेचदा विलायती मफिन काढतात. खारी मागितली की क्रोसाँ येतो, ब्रून पाव मागितला की बर्गरचा मऊ बन. चित्र देखणं असतं, पण ते पाहून दुकानात आलेल्या माणसाला काउंटरवर वेगळीच वस्तू दिसते. हा नुसता नाराजीचा प्रश्न नाही. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार वस्तूचं खोटं वर्णन करणारी जाहिरात दिशाभूल करणारी ठरते आणि त्यासाठी 10 लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. जाहिरात बेकरीच्या नावाने जाणार असल्याने जबाबदारी मालकावर येते, हे पत्रात सरळ सांगावं.

मग काम कसं चालेल तेही लिहावं. मालकाने सकाळी खिडकीजवळ, ट्यूब बंद करून केकचा फोटो काढायचा: एक समोरून, एक कापलेल्या तुकड्याचा. डिझायनर त्यातला केक वेगळा करते आणि मागे लाकडी टेबल, नाताळची चांदणी, मंद दिवे अशी पार्श्वभूमी तयार करून घेते. यात सर्वांत जास्त चुकतो तो प्रकाश. केकवर उजेड डावीकडून पडलेला असेल आणि टेबलावरच्या वस्तूंची सावलीही डावीकडेच गेली असेल, तर चित्र खोटं वाटतं. कारण कळलं नाही तरी बघणाऱ्याला काहीतरी खटकतंच. अशी चित्रं बाद करून पुन्हा करावी लागतात, खरा वेळ तिथे जातो. चित्रावरचा मराठी मजकूर साधनाकडून कधीच लिहून घेऊ नये; जोडाक्षरं मोडू शकतात, काना-वेलांट्या उडू शकतात. मजकूर आणि किंमत शेवटी हाताने, नेहमीच्या फाँटमध्ये टाकावी. किंमत बदलली की नवं चित्र न करता तेवढा आकडा बदलता येतो, हा आणखी एक फायदा.

आता पैशांचं. धरा, महिन्याला 12 चित्रं. बाद झालेली धरून एका चित्राला सरासरी 40 मिनिटं, म्हणजे 8 तास. बोलणं, दुरुस्त्या आणि तीच चित्रं स्टेटससाठी उभ्या आकारात करून देणं, यांना आणखी 4 तास. तासाला 500 रुपये लावले तर 6,000 रुपये होतात. मालक मात्र तास मोजत नाहीत, केक मोजतात. 600 रुपयांच्या केकमागे त्यांना 150 सुटत असतील, तर हे पैसे वसूल व्हायला 40 केक जास्त विकले जायला हवेत. डिसेंबरात हे जमू शकेल. जूनमध्ये जवळपास अशक्य. म्हणून बारा महिन्यांचा एकच दर लावणं मला बरोबर वाटत नाही. नाताळाआधी 12 चित्रं आणि एरवी 4, त्या हिशेबाने 2,000 रुपये, असं पत्रात लिहिलं की मालकाला कळतं, लिहिणाऱ्याने आपल्या धंद्याचा विचार केला आहे.

नाताळाची चित्रं नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात हातात पडायला हवीत, कारण केकची ऑर्डर सणाच्या आधी नोंदवली जाते. तोवर यंदाचा केक भाजून झालेला नसेल, तर फोटोसाठी एक केक आधी भाजावा लागेल. हे पत्रातच मागून घ्यावं, नाहीतर ऐन वेळी गेल्या वर्षीचा अंधुक फोटो हातात येतो.

शेवटी तीन अटी पुरतात. प्रत्येक चित्रात दोन दुरुस्त्या. मालकाने ‘हो’ म्हटल्याशिवाय काहीही प्रसिद्ध नाही. करार थांबला तरी पैसे दिलेली चित्रं बेकरीकडेच राहतील. पत्रासोबत एक नमुना जोडावा, तोही त्याच बेकरीतून विकत आणलेल्या केकच्या फोटोवरून केलेला.