हप्त्याची तारीख आणि विनंतीचे व्याकरण

कर्जाचा हप्ता जवळ आला की मोबाइलवर एक संदेश येतो. त्याची भाषा साधारण ठरलेली असते: ‘प्रिय ग्राहक, आपला हप्ता देय झाला आहे. तरी लवकरात लवकर भरणा करून सहकार्य करावे.’ वाक्य सौम्य आहे, पण त्यात तारीख नाही. ती हवीच असा आग्रह झाला, की दुसऱ्या टोकाचे वाक्य येते: ‘5 तारखेच्या आत न भरल्यास कारवाई करण्यात येईल.’ सौजन्य आणि स्पष्टता यांत जणू एकाचीच निवड करायची असते. मराठीच्या व्याकरणाकडे पाहिले, तर ही निवड खोटी ठरते.

एक उदाहरण घेऊ. वसई पूर्वेला वालीवच्या एका गाळ्यात काम करणाऱ्या कामगाराने नालासोपाऱ्यात घर घेतले आहे. हप्ता 11,400 रुपयांचा, तारीख 5, आणि पगार मात्र 7 तारखेला. ‘लवकरात लवकर’ हे शब्द तो पगाराच्या हिशेबाने वाचतो: सातला पैसे आले की लगेच भरू. त्याच्या दृष्टीने तेच लवकरात लवकर असते.

बँकेचा हिशेब वेगळा असतो. रिझर्व्ह बँकेच्या 12 नोव्हेंबर 2021 च्या परिपत्रकानुसार, ठरलेल्या तारखेचे कामकाज बंद होताना पूर्ण रक्कम जमा नसेल, तर कर्ज त्याच तारखेपासून थकीत धरले जाते. वसईतल्या नागरी सहकारी बँकांनाही हा नियम लागू आहे. शिवाय स्वयंचलित वसुलीची मागणी 5 तारखेला सकाळीच खात्यावर येऊ शकते. शिल्लक नसेल तर ती परत जाते आणि त्याचा आकार खातेदाराला पडतो. सातला प्रामाणिकपणे भरणारा माणूसही दोन दिवस थकबाकीदार असतो.

आता भाषेकडे येऊ. ‘भरावा’, ‘करावे’ ही विध्यर्थाची रूपे. विध्यर्थात विनंती बसते, इच्छा बसते आणि कर्तव्यही बसते. म्हणूनच तो सभ्य वाटतो, आणि म्हणूनच बंधन किती हे त्यातून कळत नाही. तारीख अशा क्रियापदाला टांगली, की तीही विनंतीचा भाग होते. ‘च्या आत’मध्ये तर 5 तारीख धरायची की नाही, हाही प्रश्न उरतो. उपाय साधा आहे: तारीख विनंतीतून काढून स्वतंत्र विधानात ठेवायची. ‘हप्त्याची तारीख बुधवार, 5 नोव्हेंबर आहे.’ यात कोणी कोणाला काही सांगत नाही. एक वस्तुस्थिती कळवली जाते. त्यामुळे ते उद्धट होऊ शकत नाही. ‘बुधवार’ हा शब्दही कामाचा. आकडा चुकीचा छापला गेला, तर वार जुळत नाही आणि चूक उघडी पडते.

सौजन्याची जागा त्यानंतरच्या वाक्यांत असते, पण तिथेही एक खड्डा आहे. ‘अडचण असल्यास कळवा’ हे वाक्य आपुलकीचे खरे. वाचणारा मात्र त्याचा अर्थ ‘कळवले की मुदत मिळते’ असा घेतो. फोन केला, पलीकडून ‘बघतो’ असे उत्तर आले, आणि तो निर्धास्त झाला. म्हणून मदतीच्या वाक्यालाच तिची मर्यादा जोडावी लागते.

2025 मध्ये 5 नोव्हेंबरला गुरुनानक जयंतीची सुट्टी होती. शाखा बंद, म्हणजे हप्ताही पुढे गेला, असे वाटणे स्वाभाविक. पण ऑगस्ट 2021 पासून ही वसुली सुट्टीच्या दिवशीही चालते. हे सारे धरून संदेश असा होईल:

‘नमस्कार. आपल्या घरकर्जाच्या 11,400 रुपयांच्या हप्त्याची तारीख बुधवार, 5 नोव्हेंबर 2025 आहे. शाखेला सुट्टी असली तरी रक्कम त्याच दिवशी खात्यातून वळती होईल. कृपया आदल्या संध्याकाळपर्यंत ती खात्यात असू द्या. ही तारीख आपल्या पगाराच्या दिवसाशी जुळत नसेल, तर ती बदलण्याचा अर्ज शाखेत करता येईल. मात्र लेखी मंजुरी मिळेपर्यंत हीच तारीख कायम राहील.’

यात आकड्यातली तारीख एकदाच येते. आदल्या दिवसासाठी ‘4 नोव्हेंबर’ लिहिले असते, तर दोन तारखांपैकी खरी कोणती, हा नवा गोंधळ झाला असता. रक्कम आणि तारीख पहिल्याच ओळीत आहेत, कारण विरार लोकलच्या गर्दीत फोनच्या पडद्यावर तेवढीच दिसते. दंडाची धमकी नाही. हप्ता अजून चुकलेलाच नाही. तो चुकल्यावर जाणाऱ्या स्मरणपत्रात मात्र दंड आकार किती ते सांगावेच लागते, असे रिझर्व्ह बँकेचे 18 ऑगस्ट 2023 चे परिपत्रक म्हणते. तिथेही ‘नियमानुसार’ या शब्दाआड न लपता नेमकी रक्कम लिहिणे हेच सौजन्य.

संदेश जमला की नाही, हे तपासायला एक प्रश्न पुरतो. तो कर्जाशी संबंध नसलेल्या कोणाला वाचायला द्यावा आणि विचारावे, ‘सहा तारखेला पैसे भरले तर चालेल का?’ ‘चालेल बहुतेक’ असे उत्तर आले, तर मसुदा अजून विध्यर्थातच अडकलेला आहे.

एक गोष्ट मात्र शब्दांच्या आवाक्याबाहेर राहते. पगार सातला आणि हप्ता पाचला, हे अंतर कोणतेही वाक्य मिटवत नाही. चांगला संदेश ते अंतर त्या कामगाराला वेळेवर दाखवतो आणि तारीख बदलून घेण्याची वाट सांगतो.