बाबांच्या नावावरची ठेव आईला मिळवायची आहे : अर्ज कसा लिहायचा, सोबत काय जोडायचं

आजचा भाग ऐकून झाल्यावर बऱ्याच जणांना अर्जाचा मजकूर लिहिलेला हवा असतो, म्हणून हा लेख. नवरा गेला, त्याच्या नावावर बँकेत पैसे आहेत, आणि बायकोला ते काढायचे आहेत. बँकेच्या काउंटरवर आईसोबत मुलगा किंवा मुलगी उभी असते, मोबाईल हातात, फाईल काखेत. म्हणजे तुम्हीच. म्हणून तुमच्याशी बोलतोय.

एक उदाहरण धरू. खरं कुटुंब नाही, पण बीड जिल्ह्यात असं घर शोधायला लांब जावं लागत नाही. केज तालुक्यातलं गाव. नवरा-बायको दोघंही कोयत्यावर. जानेवारीत सांगलीकडे फडावर असताना नवऱ्याला हार्ट अटॅक आला आणि तो तिथल्या दवाखान्यात वारला. मागे बायको, एकोणीस वर्षांचा मुलगा, लग्न झालेली मुलगी आणि नवऱ्याची आई. एका राष्ट्रीयीकृत बँकेत त्याची दोन खाती आहेत. बचत खात्यात ४१,३०० रुपये, त्यावर वारसदार म्हणून बायकोचं नाव लावलेलं. आणि दीड लाखाची मुदत ठेव, तिच्यावर कुणाचंच नाव नाही.

इथंच पहिली गफलत होते. बचत खात्याला नॉमिनी लावला म्हणजे एफडीलाही लागला, असं सगळ्यांना वाटतं. तसं नसतं. नॉमिनी खात्यागणिक असतो. म्हणून अर्ज लिहायच्या आधी पासबुक आणि ठेव पावती दोन्ही घेऊन शाखेत जा आणि एवढंच विचारा : कुठल्या खात्याला नॉमिनी आहे, कुठल्या नाही, आणि कुठलं खातं जॉइंट आहे का. पावतीवर ‘नामांकन नोंदवले’ असं छापलेलं असतं, ते नसेल तर बँकेच्या रेकॉर्डमध्ये बघायला सांगा. उत्तर मिळालं की कागदं ठरतात. एकाच अर्जात दोन खाती लिहिता येतात, पण दोघांची कागदं वेगळी आहेत, आणि ‘माझ्या पतीचे सर्व पैसे मिळावेत’ असा सरसकट अर्ज दिला की सोप्या खात्याचे पैसे अवघड खात्यापायी अडकून बसतात.

रिझर्व्ह बँकेने २६ सप्टेंबर २०२५ ला मयत खातेदारांच्या दाव्यांसाठी नवे निर्देश काढले आणि ते लागू करायला बँकांना ३१ मार्च २०२६ पर्यंत मुदत दिली. त्यानुसार नॉमिनी असेल, किंवा जॉइंट खात्यात ‘मागे राहील त्याला’ अशी अट असेल, तर तीनच गोष्टी लागतात : बँकेचा दावा फॉर्म, मृत्यूचा दाखला, आणि पैसे घेणाऱ्याचा ओळखीचा व पत्त्याचा पुरावा. रक्कम कितीही असो. कोर्टाचं वारसा प्रमाणपत्र मागायचं नाही, जामीनदार मागायचा नाही. आपल्या उदाहरणात ४१,३०० रुपयांसाठी एवढंच.

नॉमिनी नसलेल्या एफडीची गोष्ट वेगळी. तिथं बँकेला सगळे वारस कोण हे बघावंच लागतं. पण रक्कम व्यापारी बँकेत १५ लाखांपर्यंत आणि सहकारी बँकेत ५ लाखांपर्यंत असेल, आणि वारसांत भांडण नसेल, तर इथंही कोर्टात जायची गरज नाही. मर्यादा यापेक्षा जास्त ठेवायची बँकांना मुभा आहे, कमी नाही. वरच्या तीन कागदांशिवाय लागतात ते असे : दावा करणाऱ्याचं नुकसानभरपाईचं हमीपत्र, म्हणजे ज्याला बँकेत इंडेम्निटी बाँड म्हणतात ते, जे वारस पैसे मागत नाहीत त्यांचं ना-हरकत पत्र, आणि वारस कोण कोण याचा पुरावा. हा पुरावा म्हणजे सक्षम अधिकाऱ्याचा वारस दाखला, किंवा तो नसेल तर कुटुंबाला चांगलं ओळखणाऱ्या पण नात्यात नसलेल्या माणसाचं घोषणापत्र. मुलाच्या शाळेतले गुरुजी, गावातला जुना दुकानदार, असं कुणीही, फक्त बँकेला तो माणूस मान्य हवा. हमीपत्राचा नमुना बँकेकडूनच घ्या आणि स्टॅम्प केवढ्याचा लागतो तेही आधी विचारा. झेरॉक्सवाल्याच्या सांगण्यावरून स्टॅम्प आणला आणि तो चुकीचा निघाला, असं फार होतं.

आता वारस. हिंदू वारसा कायदा, १९५६ नुसार मृत्युपत्र न करता पुरुष गेला तर पहिल्या वर्गात बायको, मुलगे, मुली आणि त्याची आई येतात. वडील येत नाहीत, आई येते. आणि मुलगी लग्न होऊन नांदायला गेली म्हणून तिचं नाव गळत नाही. अर्जात हमखास याच दोघी राहून जातात. आपल्या उदाहरणात दीड लाखाचे चार सारखे वाटे, प्रत्येकी ३७,५०० (व्याज वेगळं). सासू दुसऱ्या मुलाकडे राहते म्हणून तिला न विचारता अर्ज दिला आणि नंतर दीराने तक्रार केली, की बँक लगेच हात आखडते. त्यापेक्षा आधीच तिच्यापाशी बसा. ती वाटा सोडत असेल तर ना-हरकत पत्र, सोडत नसेल तर तिचंही नाव दावेदार म्हणून घाला. अंगठा लावणार असेल तर दोन साक्षीदार सोबत न्या. मुस्लिम कुटुंबात वाटे वेगळ्या कायद्याने ठरतात, पण सगळ्या वारसांची नावं लिहायची हे तिथंही आलंच.

आणि हो, नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. बँक त्याच्या हातात पैसे देऊन मोकळी होते, वारसांचा हक्क राहतोच. त्यामुळे ४१,३०० रुपये बायकोच्या हाती आले तरी सासू आपला वाटा तिच्याकडे मागू शकते. बँकेकडे नाही.

मृत्यूच्या दाखल्यावर जरा थांबतो, कारण आपल्याकडच्या ऊसतोड कुटुंबांचं घोडं इथंच अडतं. दाखला माणूस जिथं वारला तिथं मिळतो, जिथला तो रहिवासी तिथं नाही. मृत्यू सांगलीकडे झाला तर नोंद तिथल्याच ग्रामपंचायतीत, नगरपालिकेत किंवा महापालिकेत. केजच्या गावातला ग्रामसेवक तो देऊ शकत नाही, कितीही ओळखीचा असला तरी. नोंद २१ दिवसांच्या आत करायची असते. महिना उलटला की वरच्या अधिकाऱ्याची परवानगी लागते आणि वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश. म्हणून गावी परतायच्या आधीच, जमलं तर, नोंद झाली का बघा आणि चार-पाच प्रती काढून घ्या. नोंद करताना नाव आधारवर आहे अगदी तसंच सांगा. फडावर मुकादमाने ‘बाळू’ सांगितलं, पासबुकावर ‘बाळासाहेब’ आहे, तर बँक विचारणारच की हे दोघं एकच कशावरून. असं झालंच असेल तर नोंदणी कार्यालयात दुरुस्तीचा अर्ज द्या, किंवा दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र बँकेला चालतं का ते विचारा.

आता अर्ज. हाताने लिहिला तरी चालतो. बँकेचा छापील दावा फॉर्म वेगळा भरायचा, हा अर्ज त्याच्या वर लावायचा.

प्रति,
मा. शाखा व्यवस्थापक,
(बँकेचे नाव), शाखा केज, जि. बीड

विषय : मयत खातेदाराच्या बचत खात्यातील व मुदत ठेवीतील रक्कम मिळणेबाबत.

महोदय,
माझे पती (पूर्ण नाव) यांचे दि. ____ रोजी (ठिकाण) येथे निधन झाले. त्यांची आपल्या शाखेत खालील खाती आहेत.
(अ) बचत खाते क्र. ____. या खात्यास माझे नामांकन आहे.
(ब) मुदत ठेव पावती क्र. ____, रक्कम रु. १,५०,०००. या ठेवीस नामांकन नाही.
पतीच्या पश्चात मी, मुलगा, विवाहित मुलगी व सासू असे चार कायदेशीर वारस आहोत. आमच्यात वाद नाही. मृत्युपत्र केलेले नाही.
खाते (अ) मधील रक्कम नामांकनाच्या आधारे मला द्यावी. ठेव (ब) मुदतीपूर्वी, दंड न आकारता, बंद करून व्याजासह रक्कम माझ्या खाते क्र. ____ मध्ये जमा करावी. (ब) चे काम अपूर्ण राहिल्यास (अ) ची रक्कम थांबवू नये, ही विनंती.

सहपत्रे :
दोन्ही खात्यांसाठी :
१. बँकेचा दावा फॉर्म
२. मृत्यू दाखला (मूळ पडताळणीसाठी सोबत)
३. माझे आधार व पॅन कार्ड, छायाप्रत
४. बचत खात्याचे पासबुक
५. माझ्या खात्याच्या पासबुकाचे पहिले पान
फक्त ठेव (ब) साठी :
६. मूळ ठेव पावती
७. हमीपत्र
८. मुलगा, मुलगी व सासू यांची ना-हरकत पत्रे व आधार छायाप्रती
९. वारसांबाबत घोषणापत्र

आपली विश्वासू,
(सही, नाव, पत्ता, मोबाईल, दिनांक)

‘दंड न आकारता’ हे शब्द मुद्दाम घातलेत. ठेवीदार वारल्यावर एफडी मुदतीआधी मोडली तर दंड लावायचा नसतो. आणि ‘(अ) ची रक्कम थांबवू नये’ हे वाक्य अर्जातलं सगळ्यात कामाचं आहे, ते गाळू नका.

अर्जाच्या दोन प्रती करा. एकीवर शाखेचा शिक्का, तारीख आणि सही घ्या. ही पोच फार महत्त्वाची, कारण सगळी कागदं मिळाल्यापासून १५ दिवसांत बँकेने दावा निकाली काढायचा आहे आणि दिवस मोजायचे ते या तारखेपासून. ‘अजून एक कागद आणा’ असं तोंडी सांगितलं तर ‘काय कमी आहे ते लिहून द्या’ म्हणा, शांतपणे. बँकेमुळे उशीर झाला तर तिला बँक रेट अधिक ४ टक्के दराने भरपाई द्यावी लागते. समजा बँक रेट साडेपाच टक्के आहे आणि दीड लाख ६० दिवस उशिरा मिळाले, तर भरपाई साधारण २,३४० रुपये होते. तक्रार लेखी द्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर cms.rbi.org.in वर लोकपालाकडे जाता येतं. माहितीसाठी फोन १४४४८.

एक गोष्ट तुम्हा पोरांसाठी. बाबांचा फोन चालू असतो, यूपीआय पिन माहीत असतो, एटीएम कार्ड कपाटात असतं. तेराव्याच्या खर्चासाठी म्हणून पैसे काढावेसे वाटतात. काढू नका. खातेदार गेल्यावर त्याच्या पिनने व्यवहार करायचा हक्क कुणाला नसतो, आणि उद्या एखाद्या वारसाने स्टेटमेंट मागितलं तर मृत्यूनंतरच्या तारखेचा प्रत्येक व्यवहार त्यात दिसतो. सिम मात्र चालू ठेवा, बँकेचे मेसेज त्यावरच येतात.

पासबुक हातात आहेच तर मे-जूनच्या सुमारास ४३६ किंवा २० रुपये कापलेत का बघा. ४३६ म्हणजे प्रधानमंत्री जीवनज्योती विमा, कारण कुठलंही असो, २ लाख. २० रुपये म्हणजे सुरक्षा विमा, तो फक्त अपघाताला. आपल्या उदाहरणात हार्ट अटॅक होता, म्हणजे ४३६ ची नोंद असेल तर ठेवीपेक्षा मोठी रक्कम या एका ओळीत दडलेली आहे. त्याचा दावा फॉर्म वेगळा, तो त्याच शाखेत मागा आणि वेळ लावू नका.

शेवटी, बीडकरांनो, पावतीवर ‘बँक’ लिहिलंय की ‘मल्टिस्टेट’ किंवा ‘पतसंस्था’, हे आधी बघा. वर सांगितलेले १५ दिवस, भरपाई, लोकपाल, हे सगळं बँकेला लागू. ज्ञानराधा मल्टिस्टेटसारख्या संस्थेला नाही, आणि बँकेतल्या ठेवींना असलेलं ५ लाखांपर्यंतचं विमा संरक्षणही तिथं नाही. २०२३ पासून तिथं अडकलेल्या ठेवीची पावती घरात सापडली तर हा अर्ज वापरू नका. तिथं ठेवीदाराचा वारस म्हणून दावा कुठे, कोणाकडे दाखल होतोय ते वेगळं शोधावं लागतं. पण मृत्यूचा दाखला आणि वारसांचा पुरावा मात्र तिथंही हाच लागणार, म्हणून दाखल्याच्या प्रती काढताना दोन जास्तच काढा.