रश्श्याचा डाग आणि 1,840 रुपये

आमच्या अकाउंट्स विभागात फिरतीवरच्या मंडळींची बिलं पूर्वी व्हाउचरला टाचणीनं टोचून यायची. एक कागद एकदाच टोचता येतो, त्यामुळे तेच बिल परत येण्याची फारशी भीती नव्हती. आता मोबाइलवर फोटो काढून पाठवायचा, मूळ कागद पाठवणाऱ्याकडेच राहतो. फोटो कितीही वेळा काढता येतो, ही यातली खरी गोम.

मे महिन्यात माझ्यासमोर कोल्हापूरच्या एका लॉजचं बिल आलं. रक्कम 1,840 रुपये. उन्हात काढलेला फोटो, कागदावर तिरकी सावली. वरचा भाग कापला गेला होता. नेमका तिथेच लॉजचं नाव, बिल नंबर आणि तारीख. शेऱ्यात लिहिलं होतं, ‘नंबर फोटोत आला नाही.’ रक्कम वाचून मला मार्चमधलं असंच एक बिल आठवलं. ते शोधून काढलं. रात्री ट्यूबलाइटखाली काढलेला पिवळट फोटो, पूर्ण कागद, नंबर 417. माणूस एकच, लॉज बहुधा एकच, रक्कम तीच. पण तीच खोली, तेच जेवण घेतलं तर रक्कम तीच येणार. एवढ्यावर कुणाला चोर म्हणता येत नाही.

फोटो एकच आहे का, हे संगणकाला विचारण्याचा सोपा मार्ग म्हणजे फाइलचा ठसा. एसएचए-256 सारखी पद्धत कोणत्याही फाइलचा 64 अक्षरांचा ठसा काढते. तीच फाइल दुसऱ्यांदा आली तर तो तंतोतंत जुळतो. पण तोच फोटो व्हॉट्सअॅपवरून फिरून आला, तरी फाइल दाबली जाऊन बदलते आणि ठसा पार वेगळा येतो. इथे तर फोटोच दोनदा काढलेला.

मग चित्राचाच ठसा काढणारी पद्धत येते. फोटो करडा करायचा, लहान करत 9 बाय 8 ठिपक्यांवर आणायचा आणि प्रत्येक ओळीत शेजारच्या दोन ठिपक्यांपैकी उजळ कोणता एवढंच लिहायचं. अशी 64 उत्तरं मिळतात. दोन फोटोंची किती उत्तरं वेगळी निघाली, ते त्यांच्यातलं अंतर. सगळा फोटो सारखाच गडद झाला तर शेजाऱ्यांतलं कमी-जास्त बदलत नाही, म्हणून प्रकाशाचा फरक ही पद्धत पचवते, असं सांगतात. निसर्गदृश्याच्या बाबतीत ते खरंही आहे.

बिलाच्या कागदावर मात्र ती दोन्ही बाजूंनी फसते. कागद बहुतेक पांढराच. शेजारचे दोन ठिपके जवळजवळ सारखे असले की उजळ कोणता हे जराशी सावलीच ठरवते. त्यात वरची पट्टी कापली की उरलेलं सगळं वर सरकतं. आमच्या दोन फोटोंत 64 पैकी 27 उत्तरं वेगळी आली. अजिबात संबंध नसलेल्या दोन चित्रांत साधारण 32 येतात, म्हणजे यंत्राच्या मते हे दोन कागद एकमेकांचे कुणीच नव्हते. उलट, त्याच लॉजची खरोखर वेगळी दोन बिलं एकाच टेबलावर ठेवून फोटो काढले, तर अंतर फक्त 6. लेटरहेड एक, चौकटी एक, प्रकाश एक. गुन्हेगार सुटला आणि निरपराध अडकला!

म्हणून अख्खा फोटो न घेता त्यातल्या खुणा घ्यायच्या. अक्षराचा कोपरा, रेघांचा छेद, शिक्क्याची कड अशा शेकडो जागा संगणक हेरतो आणि प्रत्येकीच्या आसपासचा भाग कसा दिसतो याचं वर्णन साठवतो. डेव्हिड लोव यांनी 1999 साली मांडलेली ‘सिफ्ट’ ही यातली गाजलेली पद्धत. 2011 मध्ये आलेली ‘ऑर्ब’ तिच्याहून वेगवान. कापलेल्या भागातल्या खुणा गेल्या तरी उरलेल्या जागच्या जागी असतात, म्हणून कापाकापीची तिला फारशी धास्ती नाही.

एका फोटोतल्या खुणांच्या जोड्या दुसऱ्यात शोधायच्या. त्यात चुकीच्या जोड्या भरपूर निघतात, कारण बिलावरचा प्रत्येक शून्य दुसऱ्या शून्यासारखाच दिसतो. इथे भूमिती मदतीला येते. सपाट कागद कोणत्याही कोनातून टिपला, तरी एका फोटोतला कागद दुसऱ्यावर बसवायला चार जोड्या पुरतात. चार जोड्या उचलायच्या, कागद बसवून पाहायचा, बाकीच्या किती जोड्या त्या बैठकीला दुजोरा देतात ते मोजायचं. मग दुसऱ्या चार. असं शेकडो वेळा केलं की सगळ्यांत जास्त दुजोरा मिळालेली बैठक खरी धरायची.

आमच्या दोन फोटोंना 140 जोड्यांचा दुजोरा मिळाला. मी खूश झाले, पण ते फार टिकलं नाही. त्याच लॉजच्या दुसऱ्या, अगदी वेगळ्या बिलाशी ताडून पाहिलं तर तिथेही 90. एकाच पुस्तकातली बिलं, छापील रेघा आणि अक्षरं एकच, मग जोड्या जुळणारच. त्यामुळे नुसता आकडा पाहून उपयोग नाही. त्या जोड्या कागदावर कुठे पडल्या, ते पाहायला हवं. वेगळ्या बिलाशी जुळलेल्या 90 जोड्या झाडून सगळ्या छपाईवर होत्या. मार्चच्या बिलाशी जुळलेल्यांतल्या पन्नासेक हातानं लिहिलेल्या आकड्यांवर आणि निळ्या शिक्क्यावर. छापखाना हजार कागदांवर तेच उमटवतो, पण माणसाच्या हातून शिक्का दोनदा त्याच तिरकेपणानं, त्याच आकड्याला घासून बसत नाही.

हे प्रत्येक बिलाचं प्रत्येकाशी करायचं म्हटलं तर यंत्रही दमेल. दहा हजार बिलांच्या जोड्या जवळपास पाच कोटी होतात. म्हणून आधी रक्कम तीच असलेली बिलं बाजूला काढायची आणि तेवढ्यांचीच अशी झडती घ्यायची.

यातही पळवाटा आहेत. पेट्रोल पंपाच्या थर्मल पावतीवर हाताचं काहीच नसतं. वेळेचे आणि नंबराचे चार आकडे सोडले तर दोन पावत्या जुळ्या, आणि ते आकडे कापले गेले की चित्रावरून सांगणं अवघड. खिशात चुरगळलेला कागद सपाट राहत नाही, मग तो तुकड्या-तुकड्यांनी जुळवावा लागतो. आणि बिलाची दुसरी प्रत लावली असेल तर कागदच वेगळा. मालाच्या जीएसटी बिलाच्या तर कायद्यानंच तीन प्रती निघतात. तिथे फोटो बाजूला ठेवून विक्रेत्याचा जीएसटी नंबर आणि बिल नंबर यांचीच जोडी पाहावी. एका आर्थिक वर्षात तो बिल नंबर पुन्हा येऊ शकत नाही. माझ्या मते नंबर दिसत नसलेला फोटो मुळात घेऊच नये, पण फिरतीवरच्या माणसाला हे सांगून पाहा!

शेवटी मी मेचा फोटो सरळ करून मार्चच्या फोटोवर अर्धपारदर्शक ठेवला आणि आमच्या त्या सहकाऱ्यांना बोलावलं. शिक्का शिक्क्यावर बसला होता. सहीची शेपटी सहीवर. ‘मॅडम, मार्चचं रिजेक्ट झालं असं वाटलं होतं मला,’ ते म्हणाले. तसं होतंही कधीकधी, अॅप अर्ध्यात बंद पडतं. मी काही बोलले नाही. ते स्क्रीनकडे वाकून पाहत राहिले. डाव्या कोपऱ्यात, दोन्ही फोटोंत अगदी एकाच जागी, रुपयाएवढा तांबूस डाग होता.

‘रस्सा सांडला होता,’ ते म्हणाले. ‘मेचं काढून टाका.’